करवलीची साडेसहा दिवसांची रजा

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई, माझी मुलगी सांगलीत एका खासगी अनुदानित मराठी शाळेत सातवीत आहे. 13 डिसेंबरला, रविवारी, नागपूरला माझ्या धाकट्या भावाचं लग्न आहे आणि ती करवली आहे. 10 तारखेच्या महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघायचं, 17 ला परत. मध्ये एक दिवस रामटेकला जायचं ठरलंय. नेमकी 14 आणि 15 ला तिची गणित आणि इंग्रजीची चाचणी आहे. वर्गशिक्षिकेला व्हॉट्सॲपवर कळवलं, तर "मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या" एवढंच उत्तर आलं. सर कडक आहेत. जाऊबाई म्हणतात, आल्यावर "आठ दिवस ताप होता" असं लिहून दे, डॉक्टर ओळखीचे आहेत. काय करू? अर्ज कसा लिहू? धाकटा दुसरीत आहे, महापालिकेच्या शाळेत. त्याच्यासाठीही अर्ज लागतो का?
— एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर

ताई, तापाचा अर्ज अजिबात लिहू नका. जाऊबाईंनी काळजीपोटीच सुचवलं असणार, पण तो अर्ज तुम्हाला लग्नाच्या अर्जापेक्षा जड जाईल.

आधी दाखल्याचं बघा. आठवडाभराच्या आजारपणानंतर मूल शाळेत आलं की बऱ्याच शाळा डॉक्टरांचा दाखला मागतात, आणि तो मुलीच्या नावाच्या कागदांबरोबर शाळेच्या फायलीत राहतो. ओळखीच्या डॉक्टरांना खोटी सही करायला लावायची, तीही लग्नासाठी, हे त्यांच्यावरही अन्यायाचं आहे. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत मुलगी खरोखर आजारी पडली, तर तेव्हाच्या खऱ्या दाखल्याकडेही शाळा संशयानं बघेल.

त्याहून मोठी गोष्ट मुलीची आहे. ती करवली आहे, म्हणजे कोपरापर्यंत मेंदी असणार. मेंदीचा रंग आठवडाभर तरी उतरत नाही. 18 तारखेला ती वर्गात पाय ठेवेल तेव्हा मैत्रिणी पहिला तिचा हात धरतील आणि लग्न कुणाचं होतं, साडी कुठली नेसलीस, विचारतील. बारा-तेरा वर्षांच्या मुलीनं तेव्हा काय सांगायचं? मामाच्या लग्नात कऱ्हा घेऊन उभं राहिल्याचा आनंद ती लपवणार, बाईंनी विचारलं तर तापाची गोष्ट सांगणार, आणि ती गोष्ट दिवसेंदिवस सांभाळत बसणार. हे ओझं तिच्यावर टाकू नका. आणि त्याची गरजही नाही. तुळशीचं लग्न झालं की अशा अर्जांची रीघ सुरू होते, ती वैशाखापर्यंत थांबत नाही. मामाचं लग्न हे कारण मुख्याध्यापकांना नवं नसतं, आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही.

मी बरीच वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसले आहे. त्या खुर्चीतून अर्ज कसा दिसतो ते सांगते, म्हणजे काय लिहायचं ते आपोआप कळेल. मुख्याध्यापकांना लग्न कुणाचं, किती जवळचं, न गेल्यास कोण रुसेल, यातलं काही ठरवायचं नसतं. मूल शाळेचे नेमके किती दिवस बुडवणार, त्या दिवसांत कुठलं मूल्यमापन येतं, आणि पालक शाळेकडे काय मागताहेत, एवढंच त्यांना बघायचं असतं. या तिन्हीची उत्तरं कागदावर असली की शेरा मारायला वेळ लागत नाही. नसली की अर्ज "वर्गशिक्षकांनी चौकशी करावी" असा शेरा घेऊन खाली जातो, वर्गशिक्षिका तुम्हाला फोन करतात, तुम्ही पुन्हा सांगता, आणि निघायचा दिवस येतो. सर कडक वाटतात ते पुष्कळदा यामुळेच. "काही घरगुती कारणामुळे काही दिवस" असा अर्ज समोर आला तर कुणीही आखडताच हात घेणार.

म्हणून आधी दिवस मोजू. पत्रात जाऊबाईंच्या तोंडी आठ दिवस आहेत. 10 ते 17 हे कॅलेंडरवर आठ दिवस होतात हे खरं, पण शाळा आठ दिवस बुडत नाही.

10 तारखेला गुरुवार आहे. गाडी सांगलीला दुपारी चारच्या सुमारास येते. मग मुलीला त्या दिवशी सकाळपासून घरी का ठेवायचं? मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत पाठवा. बऱ्याच शाळांत हजेरी दोन सत्रांत लागते, तेव्हा सकाळच्या सत्राची हजेरी तिच्या नावावर राहील. शिवाय आदल्या रात्रीच बॅगा भरून ठेवाव्या लागतील, हा तुमचाही फायदा. मात्र मधल्या सुट्टीत तिला न्यायला तुम्ही किंवा तिचे बाबा स्वतः जा. रिक्षावाल्या काकांच्या हवाली शाळा मुलीला सोडणार नाही आणि सोडूही नये. शुक्रवार 11 प्रवासात जाईल, कारण नागपूरला पोचायला शुक्रवारची संध्याकाळ होते. शनिवार 12 ला सकाळची शाळा, ती बुडेल. त्या दिवशी तिकडे हळद. 13 ला रविवार, म्हणजे लग्नाचा दिवस रजेत धरायचाच नाही. सोमवार 14 ला सत्यनारायण असेल असं धरते, मंगळवार 15 ला रामटेक, बुधवार 16 ला परतीची गाडी आणि गुरुवार 17 ला दुपारपर्यंत सांगली. म्हणजे गुरुवारचा अर्धा दिवस, मग शुक्रवार, शनिवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. साडेसहा दिवस.

17 ला गाडीतून उतरून मुलीला तशीच शाळेत पाठवते, असं मात्र अर्जात लिहू नका. चोवीस तासांच्या प्रवासानंतर गाडी वेळेवर येईलच असं कुणी सांगावं? 18 डिसेंबर, शुक्रवार, हीच हजर होण्याची तारीख लिहा आणि ती पाळा. पालकानं लिहिलेल्या तारखेला मूल वर्गात दिसलं की पुढच्या वेळचा अर्ज सोपा होतो.

आता रामटेक. लपवू नका, आणि त्याची फार काळजीही करू नका. मी हिशेब करून पाहिला. रामटेक गाळलं तर तुम्ही मंगळवारी 15 ला निघाल, बुधवारी पोचाल आणि मुलगी गुरुवारी 17 ला वर्गात असेल. वाचतो तो एक दिवस. चाचणी मात्र कशानंही वाचत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सत्यनारायण सोडून निघालात तरी नागपूरची ही गाडी तिथून सकाळी उशिरा सुटते, म्हणजे सांगलीत पोचायला मंगळवारची दुपार उजाडणार आणि तोवर दोन्ही पेपर झालेले असतील. सरांनी विचारलं, "लग्न रविवारी आहे, मग चाचणीला का येत नाही?" तर हे शांतपणे सांगता आलं पाहिजे. आणि त्यांनी रजा थोडी कमी करायला सांगितलं, तर तुमच्या हातात सोडण्यासारखा एकच दिवस आहे, तो रामटेकचा. तो सोडायची तयारी घरात आधीच करून ठेवा, पण आपण होऊन सोडू नका. मुलगी एवढ्या लांब जाते आहे, नागपूरपासून 50 किलोमीटरवरचं रामटेक तिनं बघावं असं मला मनापासून वाटतं.

चाचणीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रात खरी भीती तिचीच दिसते. आपल्याकडे 2010 पासून आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. सातवीला त्यात सत्रभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाचा वाटा 40 टक्के आणि सत्राच्या शेवटच्या संकलित मूल्यमापनाचा 60 टक्के. तुमच्या मुलीची ही चाचणी आकारिकमध्ये येते, आणि आकारिक एकट्या चाचणीवर उभं नसतं. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय हे सगळं त्यातच धरतात. म्हणजे 14 आणि 15 चे दोन पेपर बुडल्यानं वर्ष बुडत नाही. दुसरं सत्र एप्रिलपर्यंत चालतं, संकलित चाचणी त्याच्या शेवटी येते आणि तिला अजून अवकाश आहे. मुलगी आठवीत असती तर मी जरा जास्त जपून बोलले असते, कारण पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं. दहावीत असती तर प्रवास थेट निम्मा करायला सांगितला असता. सातवीत हे जमण्यासारखं आहे.

पण म्हणून चाचणीबद्दल अर्जात गप्प राहू नका. पालकांची इथेच चूक होते. काहीजण चाचणीचा उल्लेखच टाळतात, कुणाच्या लक्षात येणार नाही या आशेनं. वर्गशिक्षिकेच्या ते पहिल्याच नजरेत लक्षात येतं आणि पालकांना मुलीच्या अभ्यासाची फिकीर नाही असं वाटतं. काहीजण उलट "माझ्या मुलीची चाचणी पुन्हा घ्यावी" असं लिहून मोकळे होतात. एका मुलीसाठी नवी प्रश्नपत्रिका काढणं, तिला वेगळं बसवणं, तपासणं हे सगळं विषयशिक्षकांच्या अंगावर येतं, तेव्हा ते मागता येतं, सांगता येत नाही. आणि चाचणी आधी घ्या असं तर मागूच नका. मुलीनं 9 तारखेला पेपर दिला तर 14 पर्यंत तो पेपर वर्गाला माहीत झालेला असेल, अशी शंका शिक्षकांना येणारच. नंतरची तारीख मागा. बहुतेक शाळांत चाचणीला कुणी ना कुणी आजारी असतंच, त्या मुलांची चाचणी नंतर एखाद्या दिवशी एकत्र घेतात. तुमच्या मुलीला त्यांच्यातच बसवता येईल. ते जमणार नसेल, तर त्या दोन विषयांत आकारिकसाठी दुसरं काम, एखादा स्वाध्याय किंवा प्रकल्प, द्यायला शिक्षक मोकळे असतात. कुठला मार्ग घ्यायचा ते शाळेवर सोपवा.

अर्ज लिहायच्या आधी वर्गशिक्षिकेला प्रत्यक्ष भेटा. व्हॉट्सॲपवर त्यांनी तुटक उत्तर दिलं असं तुम्हाला वाटलं असेल, पण रजा मंजूर करणं त्यांच्या हातात नाही, म्हणून त्यांनी योग्य तेच सांगितलं. शाळा सुटल्यावर पाच मिनिटं मागून घ्या. त्या दिवसांत गणित आणि विज्ञानाचे कुठले घटक शिकवून होणार आहेत, एवढं विचारा. त्यांच्या टाचणात ते लिहिलेलं असतं. ते दोन-तीन घटक तुमच्या अर्जात आले की तुम्ही खरंच विचार करून आला आहात हे सरांना दिसतं. गणित आणि इंग्रजीच्या शिक्षकांच्याही कानावर घाला, कारण शेवटी चाचणी त्यांना घ्यायची आहे.

आता अर्ज. रेघांच्या किंवा कोऱ्या कागदाच्या एका बाजूवर, स्वच्छ हस्ताक्षरात. टाइप केला तरी हरकत नाही, सही मात्र हातानं. मी तुमच्या तारखा घालून लिहिते आहे, रिकाम्या जागा तुम्ही भरा:

दिनांक : 30 नोव्हेंबर 2026

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव), सांगली.

मार्फत : वर्गशिक्षिका, इयत्ता 7 वी, तुकडी (   )

विषय : मामाच्या लग्नासाठी मुलीला 10 ते 17 डिसेंबर 2026 या काळात रजा मिळणेबाबत.

महोदय,

माझी मुलगी कु. (पूर्ण नाव) आपल्या शाळेत इयत्ता 7 वी, तुकडी (   ) मध्ये शिकत असून तिचा हजेरी क्रमांक (   ) आहे.

माझ्या सख्ख्या भावाचे लग्न रविवार, दि. 13 डिसेंबर 2026 रोजी नागपूर येथे आहे. लग्न, त्यानंतरची पूजा, एक दिवस रामटेक दर्शन आणि जाण्या-येण्याचा रेल्वेप्रवास यांमुळे ती गुरुवार, दि. 10 डिसेंबर रोजी मधल्या सुट्टीनंतर, आणि शुक्रवार, दि. 11 ते गुरुवार, दि. 17 डिसेंबर या दिवसांत शाळेत येऊ शकणार नाही. मधला रविवार वगळता शाळेचे एकूण साडेसहा दिवस होतात. शुक्रवार, दि. 18 डिसेंबर रोजी ती शाळेत हजर राहील.

दि. 14 रोजी गणित आणि दि. 15 रोजी इंग्रजी या विषयांची चाचणी आहे, याची मला कल्पना आहे. परतीच्या गाडीची वेळ पाहता तिला या दोन्ही दिवशी पोचणे शक्य नाही. परत आल्यावर शाळेच्या सोयीने, चाचणीला गैरहजर राहिलेल्या इतर विद्यार्थ्यांसोबत तिची चाचणी व्हावी किंवा शिक्षकांना योग्य वाटेल ते दुसरे काम तिला द्यावे, ही विनंती.

या दिवसांत वर्गात होणारे (घटकांची नावे) हे घटक वर्गशिक्षिकांकडून समजून घेतले आहेत. वर्गमैत्रिणीच्या वह्यांवरून ते लेखन ती दि. 21 डिसेंबरपर्यंत पूर्ण करेल.

तरी वरील रजा मंजूर करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)
(आईचे पूर्ण नाव), पालक
मोबाईल क्रमांक : (   )

अर्जात एक गोष्ट मुद्दाम आहे. "ती येणार नाही, कळावे" असं कुठेही नाही, शेवटपर्यंत विनंती आहे. तिकिटं काढून झाली आहेत हेही लिहिलेलं नाही. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 10 डिसेंबरची तिकिटं तुम्ही ऑक्टोबरात काढली असणार हे सरांनाही कळतं. ते अर्जात लिहिलं की निर्णय घरीच झाला आहे, शाळेनं फक्त मान डोलवावी, असा सूर येतो. तिकिटाची प्रतही जोडू नका. घरातल्या सगळ्यांची नावं आणि वयं शाळेच्या फायलीत कशाला? लग्नपत्रिकेची झेरॉक्स पर्समध्ये असू द्या, मागितली तर द्या. सरांना आमंत्रण द्यायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी जाऊन द्या, अर्जासोबत पत्रिका ठेवली की त्यांना अवघडल्यासारखं होतं.

सही तुमचीच पुरेशी आहे. मुलीच्या बाबांची लागते असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर आईही पालक आहे हे नम्रपणे सांगा.

अर्जाच्या दोन प्रती काढा. आधी वर्गशिक्षिकेची शिफारस किंवा सही घ्या, मग एक प्रत कार्यालयात द्या. तिथं आवक नोंदवहीत क्रमांक पडतो. तोच क्रमांक, तारीख आणि शिक्का तुमच्या दुसऱ्या प्रतीवर घ्या. ही पोहोच सांभाळून ठेवा. मुलीच्या दप्तरातून अर्ज पाठवण्याची पद्धत मला कधी पटली नाही. अर्ज दप्तरात राहतो, चुरगळतो, कधी चुकीच्या टेबलावर पडतो, आणि कुणी विचारलं की मुलीच्या तोंडून उत्तर येत नाही. एवढ्या दिवसांच्या रजेसाठी स्वतः जा.

30 नोव्हेंबरला सोमवार आहे. त्या दिवशी अर्ज दिला तर निघायच्या आधी दहा दिवस मिळतात. गुरुवारी किंवा शुक्रवारी कार्यालयात जाऊन शेरा काय पडला ते विचारा. कळवलं नाही म्हणजे मंजूर, असं धरून चालू नका. "मंजूर" असेल तर तो शेरा वर्गशिक्षिकेपर्यंत पोचला का, हेही बघा. हजेरी त्या लावतात. त्यांच्याकडे कागद गेला नसेल, तर त्यांना नुसतीच गैरहजेरी मांडावी लागेल.

सर नाहीच म्हणाले तर? तेव्हा वाद घालू नका, आणि घाबरूही नका. "सर, रामटेकचा दिवस कमी केला तर ती 17 ला हजर राहील, मग बघता का?" असं विचारा. मघाशी म्हटलं तो दिवस इथे उपयोगाला येतो. त्यालाही नकार आला, तर काय होईल ते सरळ सांगते. त्या दिवसांची गैरहजेरी लागेल, दोन विषयांच्या चाचणीचे गुण कदाचित मिळणार नाहीत, आणि तुम्हाला मुलीला सोबत न्यायचं की नाही ते हे धरून ठरवावं लागेल. साडेसहा दिवसांसाठी पटावरून नाव कमी होत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला वर्षाला किमान 220 दिवस शाळा भरायला सांगितली आहे, त्यातले हे जेमतेम तीन टक्के. मुलगी एरवी नियमित असेल तर हे भरून निघतं. वर्षभरात आधीच पंधरा-वीस दिवस गेले असतील, तर सरांच्या नकारामागचं कारण तेच असेल, आणि तेव्हा मी त्यांच्या बाजूनं आहे.

अभ्यासाचं थोडं. लग्नघरात पुस्तक उघडलं जाणार नाही, तशी अपेक्षाही धरू नका. पण जाताना चोवीस तास आणि येताना चोवीस तास ती गाडीत आहे. जाताना गणिताचा एक घटक, येताना इंग्रजीचा एक, एवढंच दप्तरात ठेवा. विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचं लेखन घरी आल्यावर होईल. वर्गमैत्रिणीच्या आईशी आधी बोलून ठेवा, म्हणजे रोज संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो तुमच्या फोनवर येतील. 18 ला शुक्रवार आहे, तेव्हा मधले शनिवार-रविवार लेखनाला मिळतात. म्हणून अर्जात 21 तारीख, सोमवार, लिहिली आहे. आठवड्याभरात पूर्ण करू असं ढोबळ लिहिलं असतं तर ते कुणी लक्षात ठेवलं नसतं, तुम्हीसुद्धा.

गाडी चुकली, लग्नघरी कुणी आजारी पडलं, परतायला एखादा दिवस जास्त लागला, तर त्याच दिवशी वर्गशिक्षिकेला फोन करा आणि परत आल्यावर वाढीव दिवसाचा दोन ओळींचा अर्ज द्या, पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक घालून.

धाकट्याचा अर्ज वेगळाच लागेल. शाळा वेगळी, मुख्याध्यापक वेगळे, बहिणीच्या अर्जात त्याचं नाव घालून काम होणार नाही. पण तो अर्ज छोटा करा. दुसरीला चाचणीचा प्रश्न असा मोठा नसतो, तेव्हा चाचणीचा आणि घटकांचा परिच्छेद गाळा. तारखा, कारण, हजर होण्याची तारीख आणि तुमचा फोन पुरे. महापालिकेच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक पुष्कळदा स्वतःच एखादा वर्ग शिकवत असतात, म्हणून शाळा भरताना जाण्यापेक्षा मधल्या सुट्टीत किंवा सुटल्यावर जा. पोषण आहारासाठी त्यांना रोजची उपस्थिती कळवावी लागते, तेव्हा मूल कुठल्या दिवशी नसणार हे आधी कळलं तर त्यांनाही बरं पडतं. शाळेच्या वेळा वेगळ्या असतील, तर 10 तारखेला धाकट्याची रजा अर्ध्या दिवसाची होते की पूर्ण, ते त्याच्या शाळेच्या घंटेप्रमाणे वेगळं मोजा आणि तसंच लिहा.